दिव्यानंतरचा खर्च उद्याला

आबा,

तुमच्या दहाव्याच्या पत्रकासाठी चार ओळी लिहून दे म्हणून पप्पा सकाळपासून मागं लागले होते. "शांत, मनमिळाऊ स्वभावाचे असं काहीतरी टाक," म्हणाले. शांत? तुम्ही? कळंबच्या चौकात साखर तोलताना काटा हलला म्हणून गिऱ्हाइकाच्या पोराला ओट्यावरून खाली उतरवणारा माणूस! तरी दिलं लिहून. गावाला जे वाचायचं असतं तेच छापतात. हे मात्र कुठं छापायचं नाही. हे तुमचं नि माझं आहे, आणि मला आज तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवत नाहीये.

गुडघ्यांनी दगा दिला आणि तुम्ही दुकान बंद केलं. शटर मोबाइलवाल्याला भाड्यानं दिलं. पण वही बंद केली नाही. शटरचं भाडं, डेअरीचं दूध, पप्पांच्या भेंडी-दोडक्याच्या इंदापूर बाजारातल्या विक्रीची पट्टी हे डावीकडं जमा. किराणा, औषधं, मजुरी, ठिबकचं सामान हे उजवीकडं नावे. लाल कापडाच्या बांधणीची ती लांबडी वही आणि दुकानातून घरी आणलेला लाकडी गल्ला. आईनं देवापाशी दिवा लावला की तुम्ही गल्ला पुढ्यात ओढायचा, नोटा-चिल्लर मोजायची आणि आकडा मोठ्यानं बोलायचा. वही त्यानंतर उघडायची. एकदा मी विचारलं, आधी वहीतली शिल्लक बघून मग मोजलं तर काय बिघडतं? "आधी वही बघितली की हात तेवढंच मोजत्यात," म्हणालात. "गल्ल्याला आधी बोलू द्यावं."

मग तुमचे डोळे गेले. म्हणजे पूर्ण गेले नाहीत. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा आजार आहे, नजरेचा मधला भाग जातोय, कडेचं दिसत राहील. तुम्ही माझ्याकडं बघायचं तर माझ्या कानाकडं बघायला लागलात. वहीत एका ओळीवर दुसरी ओळ चढायला लागली. तिनाचा आठ व्हायचा. एका संध्याकाळी मेळ बसेना, दुसऱ्या संध्याकाळीही बसेना, आणि पप्पांनी जेवता जेवता सांगून टाकलं, "आबा, आता बास करा. गल्ल्याची किल्ली माझ्याकडं द्या. मी बघतो काय ते."

तुम्ही भाकरी तशीच ठेवून उठलात. पप्पांचा हेतू वाईट नव्हता हो, त्यांना तुमची दगदग बघवत नव्हती. पण मला तुमचा चेहरा दिसला होता. शटर भाड्यानं देताना तो तसा नव्हता झाला.

मी तेव्हा बारामतीत कॉलेजला, शनिवारी एसटीनं घरी यायची. त्या शनिवारी माझा जुना लॅपटॉप तुमच्यापुढं ठेवला. काळा पडदा, त्यावर पिवळी अक्षरं, एका वेळी जेमतेम पाच-सहा ओळी मावतील एवढी मोठी केलेली. तुम्ही मान तिरकी केलीत, कावळा बघतो तशी, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचलंत, "ज-मा." मग थोडं थांबून, "ना-वे." माझ्या अंगावर काटा आला होता, आबा. तुम्ही मात्र लगेच व्यवहारावर आलात. "ह्यात वही बसंल?"

"बसेल की."

"समदी?"

"सगळी."

पप्पा हसले. "या वयात कॉम्प्युटर?" मग तुमचा एक हट्ट नि त्यांचा एक, असं ठरलं. दिवाळी पाडव्याला तुमची नवी वही सुरू होते. त्याच्या आदल्या संध्याकाळी मेळ बसला, तर किल्ली तुमच्याकडं. नाही बसला, तर पप्पांकडं. तुम्ही म्हणालात, "कबूल." मला कुणी विचारलंच नाही. पण मीही मनात म्हटलं, कबूल.

मला वाटलं होतं दोन तासांचं काम आहे. कसलं काय! पहिल्या ओळीलाच तुम्ही अडलात. मी तारखेचा एक रकाना केला होता. पप्पांनी शुक्रवारी रात्री आणलेल्या औषधाचं बिल तुम्ही शनिवारच्या खात्यात लिहायला सांगितलंत.

"आबा, बिलावर शुक्रवार आहे."

"दिवा लागल्यावर आणलंय ना? मंग ते उद्याचं."

"अहो, दिवस रात्री बाराला बदलतो!"

"तुझ्या मशीनचा बदलत आसंल. माझा मेळ दिव्याला व्हतो. एकदा गल्ला मोजला, आकडा बोललो, की तो दिवस झाला. मागनं त्यात कायबी घुसडायचं न्हाय. घुसडलं तर मी मोजलं ते काय खोटं मोजलं व्हय?"

मला ते खुळचट वाटलं होतं. दिवेलागणीनंतर घरातली लक्ष्मी बाहेर काढू नये, तसलंच काहीतरी असणार म्हणून मी मान उडवली, आणि तुम्ही गोठ्याकडं गेल्यावर गुपचूप सगळ्या ओळी बिलाच्या तारखेप्रमाणं लावून घेतल्या. संध्याकाळी बघते तर काय, ज्या दिवशी तुमचा मेळ बसला होता त्याच दिवशी आता गल्ल्यात पैसे जास्त दिसायला लागले, कारण मोजणीनंतरचा खर्च मोजणीच्या आत जाऊन बसला होता. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दिवा म्हणजे तुमची मोजणीची वेळ होती. मोजणीच्या अलीकडचं आज, पलीकडचं उद्या. मी मुकाट्यानं दोन रकाने केले, एक बिलाची तारीख, एक वहीची तारीख, आणि ओळी वहीच्या तारखेनं लावल्या. तुम्ही विचारलंत, "काय झालं गं, गप का?" मी म्हटलं, "काही नाही." तुम्ही गालातल्या गालात हसलात. कडेचं बरोबर दिसत होतं तुम्हाला!

दुसरं भांडण खोडण्यावरनं. मी प्रत्येक ओळीत शिल्लक आपोआप यावी म्हणून सूत्र घातलं होतं. वरच्या ओळीची शिल्लक, अधिक या ओळीची जमा, वजा या ओळीचं नावे. झकास चाललं होतं. मग विकत आणलेल्या कांद्याचे पैसे नावेला दोनदा लिहिले गेले. "थांबा, ही ओळच उडवते," म्हणून मी ती अख्खी ओळ डिलीट केली. झालं! खालची ओळ जिच्याकडून शिल्लक घेत होती तीच ओळ नाहीशी झाली, आणि तिथून थेट खालपर्यंत आकड्यांच्या जागी त्या इंग्रजी चुकीच्या खुणांची रांग लागली. तुम्हाला अक्षरं वाचता आली नाहीत, पण काहीतरी सगळीकडं सारखंच झालंय एवढं दिसलं. इतका आनंद झाला तुम्हाला की विचारू नका.

"बघ! खोडलं की आसं व्हतं. वहीत खाडाखोड करायची नसती पोरी. चुकलं तर चुकलेलं ऱ्हाऊ द्यायचं, आन खाली उलटी नोंद मारायची."

मग तसंच केलं. कांद्याची दुसरी नोंद परत जागेवर आणली आणि खाली तेवढीच रक्कम जमेला घेऊन तपशिलात 'चुकीची दुरुस्ती' लिहिलं. सूत्रही बदललं. आता प्रत्येक ओळ वरच्या ओळीवर टेकत नव्हती. पहिल्या ओळीपासून इथपर्यंतच्या सगळ्या जमेची बेरीज, वजा इथपर्यंतच्या सगळ्या नावेची बेरीज. शिवाय झालेल्या ओळींना दर शनिवारी कुलूप घालायचं, म्हणजे मीसुद्धा त्यात बोट घालू शकणार नाही. पासवर्ड तुम्ही ठेवलात. आजीचं नाव. मला टाइप करायला सांगताना तुम्ही ते इतक्या हळू बोललात की मला दोनदा विचारावं लागलं.

शेवटी दोन रकाने उरले. एक 'गल्ला', दिव्याला तुम्ही मोजून बोललेला आकडा त्यात घालायचा. त्याच्या शेजारी 'मेळ'. गल्ला आणि शिल्लक सारखे असले तर तिथं 'बसला' येणार, नाहीतर 'नाही'. तुमची अट अशी की गल्ल्याचा आकडा घालेपर्यंत शिल्लकेचा रकाना झाकलेला पाहिजे. मी म्हटलं, "तुम्हाला कुठं वाचता येतंय पटकन, झाकायचं कशाला?" तुम्ही म्हणालात, "मला न्हाय, तुला येतंय. तुझ्या तोंडावर दिसतंय मला." मग रोज संध्याकाळी पडद्याच्या त्या भागावर आईचा पोस्टकार्डाएवढा कॅलेंडरचा पुठ्ठा चिकटायचा. स्प्रेडशीटवर पुठ्ठा चिकटवणारं आपलं एकमेव घर असेल.

आकडे तुम्हाला मराठीतच दिसायला हवे होते. इंग्रजी पाच नि सहात तुमचा गोंधळ व्हायचा. मी फॉरमॅटमध्ये एक कोड घातला. त्यानं आत आकडा इंग्रजीच राहतो, दिसतो मात्र मराठी. अट एकच, आकडा उजवीकडच्या चौकोनी कीपॅडवरून मारायचा. वरच्या रांगेतली बटणं मराठी ठेवलेली होती, ती तपशील लिहायला. तुम्ही बोटांनी चाचपून ते कीपॅड पाठ केलंत. मधल्या पाचावरचा उंचवटा सापडला की तुम्ही "हां" म्हणायचात. मी बारामतीला असले की तुम्ही एकटे बसायचात. फोनवर आई सांगायची, "तुझे आबा अभ्यासाला बसलेत, बोलणार नाहीत." मला हसू यायचं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी घरी आले. दिवे लागले, अंगणात आकाशकंदील, पप्पा नवी पॅन्ट घालून मुद्दाम समोर बसलेले. तुम्ही गल्ला मोजलात, दोनदा मोजलात, आणि आकडा बोललात. मी घातला. पुठ्ठा काढला.

'नाही.'

वहीत पाचशे जास्त. गल्ल्यात पाचशे कमी.

पप्पा म्हणाले, "आबा, ठरलं होतं." तुमच्या हातून नोट पडली का, कुणाला जास्त गेली का, की तुम्हाला पाचशेची नि दोनशेची कळली नाही? तुम्ही कंबरेची किल्ली सोडलीत, पाटावर ठेवलीत, आणि तिच्यावर हात ठेवून म्हणालात, "घे. शब्द म्हंजे शब्द. पन आदी फरक घावू दे. फरक हुडकल्याबिगर वही कुणाला देत नसत्यात."

"आता कशाला हुडकताय, सण आहे," आई म्हणाली.

"म्हनूनच," तुम्ही म्हणालात. "शिळा फरक घेऊन पाडव्यात जायचं व्हय?"

मी सूत्रं तपासली. सगळी खालपर्यंत बरोबर. नोंदी वाचल्या. पाचशेची एक नोंद होती, त्याच सकाळची, ठिबकच्या नळ्या, नावेच्या रकान्यात, ५००. पप्पा म्हणाले, "नळ्या मीच आणल्या, आबांनीच पैसे दिले, बरोबर आहे." मग चूक कुठंय? आकडा तर समोर दिसतोय! मला रडूच यायला लागलं.

तुम्ही मला बाजूला सारलंत. मान तिरकी केलीत, आणि बोट पडद्यावर नावेच्या रकान्यावरून वरून खाली नेत गेलात. वाचत नव्हतात, नुसता रकाना बघत होतात. एका जागी थांबलात.

"अगं मोने, हे समदे त्या अंगाला टेकल्यात. ह्यो एकटाच ह्या अंगाला का?"

बघितलं तर खरंच. सगळे आकडे रकान्याच्या उजव्या कडेला, आणि नळ्यांचे पाचशे डाव्या कडेला. मी कपाळावर हात मारला. आकडा उजवीकडं जातो, अक्षर डावीकडं राहतं. ते पाचशे मशीनच्या लेखी आकडा नव्हताच, शब्द होता. बेरजेनं तो गाळला होता, आणि चूक म्हणून सांगितलंही नव्हतं. दिसायला मात्र दोन्ही मराठीच, मग फरक कळणार कसा?

"आबा, हे वरच्या रांगेतनं मारलं का?"

"सकाळी ते कीपॅड चालंना. आकडा मारला की चौकट इकडंतिकडं पळायची. मंग म्हटलं, वर मराठी आकडं हायती, ते मारावं."

सकाळी नंबरलॉक बंद झालं होतं, एवढंच; गल्ल्याचा आकडा घालताना मी ते सवयीनं चालू केलं होतं. मी लॅपटॉप तुमच्यापुढं सरकवला. तुम्ही पाचाचा उंचवटा शोधलात. "हां." पाच, शून्य, शून्य. आकडा टुणकन उजवीकडं गेला आणि शेजारी 'बसला' आलं.

आई हसली, मी तुमच्या गळ्यात पडले. तुम्ही मात्र तपशिलात 'हाच आकडा पुन्हा टाकला' असं लिहायला लावलंत, तेव्हाच तुमचं समाधान झालं. पप्पांनी किल्ली उचलली, आणि तुमच्या हातात ठेवली. "राहू द्या तुमच्याकडंच," म्हणाले. तुम्ही ती परत कंबरेला लावलीत. नंतर तुम्ही मला लाडूचा अख्खा डबा दिलात, आईच्या डोळ्यांदेखत.

आपलं एकच भांडण मिटलं नाही. दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, तुम्ही म्हणालात नवी फाईल काढ. मी म्हटलं, "कशाला? आहे तीच पुढं चालू दे. यात लाखो ओळी मावतात. कुठलाही दिवस एका क्षणात सापडेल."

"वही सपली पायजे."

"ही संपतच नाही आबा, तेच तर चांगलंय."

"न सपणारी वही कुनी उचलायची? माणसानं आपली वही सपवावी, शिल्लक काढावी, आन ती फुडच्याला द्यावी." तुम्ही कुंकवाची डबी हातात घेऊन लॅपटॉपपुढं बसला होतात, आणि मी हट्टानं तीच फाईल पुढं चालू ठेवली. मला वाटलं मी जिंकले. तुम्ही लॅपटॉपच्या झाकणाला कुंकू लावलंत, ते अजून निघालेलं नाही, नि मी ते काढणारही नाही.

मग गेल्या आठवड्यात, तुम्ही गेलात त्या दिवशी, दिव्याला तुम्ही नेहमीसारखा गल्ला मोजलात. मी घरी नव्हते, आई होती. तिनं सांगितलं, आकडा ठणठणीत आवाजात बोललात, कीपॅडवर स्वतः मारलात, 'बसला' आलं, आणि झाकण लावलंत. जेवायला ताट घेतलं आणि छातीत कळ आली. पप्पांनी गल्ल्यातनं हाताला लागतील तेवढ्या नोटा उचलल्या, गाडी केली, बारामतीचा रस्ता धरला. दवाखान्यात तुम्ही पप्पांना शेवटचं काय बोललात ते त्यांनी मला कालच सांगितलं. "गल्ला बंद केला का?"

मला तुमच्याशी खूप बोलायचं होतं हो आबा. मी तुम्हाला मशीन शिकवलं असं गावभर सांगत सुटले होते. तुम्ही मला काय शिकवलं ते एकदाही तुमच्या तोंडावर म्हटलं नाही. आता म्हणते, तर तुम्ही ऐकायला नाही. राग येतो मला तुमचा.

काल पप्पा लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी बसले. खिशातनं गाडीची पावती नि दवाखान्याचं बिल काढलं, चुरगळलेलं, सरळ करत राहिले. "हे लिहायचं राहिलंय. तारीख त्याच दिवसाची आहे. त्याच दिवशी टाक."

मी म्हटलं, "नाही पप्पा. हे दिवा लागल्यानंतरचं आहे."

पप्पांनी बिलावरच्या तारखेवर बोट ठेवलं.

"आबांचा दिवस झाला होता. त्यांनी मोजलं होतं, आकडा बोलले होते. दिव्यानंतरचा खर्च उद्याला."

पप्पांचा बांध तिथं फुटला. दवाखान्यात नाही रडले, स्मशानात नाही रडले, तिथं बिलं हातात घेऊन रडले. मी त्यांना रडू दिलं, आणि तोवर तुमच्या फाईलला शेवटचं कुलूप घातलं. तुमच्या वहीत तुमच्या मरणाचा एक रुपया खर्च नाही, आबा. शेवटच्या ओळीत भाजीची पट्टी आहे, चहापावडर आहे, गल्ल्याचा आकडा आहे आणि 'बसला' आहे.

तुम्ही जिंकलात. मी नवी फाईल काढली. पाडव्याची वाट बघितली नाही, तेवढं चालवून घ्या. पहिल्या ओळीत लिहिलं, 'आबांच्या वहीवरून आणलेली शिल्लक', आणि जमेला तुमचा तो शेवटचा आकडा. त्याच्या खाली गाडी. त्याच्या खाली दवाखाना. पुढं फुलं, लाकडं, सगळं. वहीची तारीख दुसऱ्या दिवसापासून.

संध्याकाळी आईनं दिवा लावला. मी पुठ्ठा चिकटवला. पप्पांनी गल्ला पुढ्यात ओढला, किल्ली लावायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. नोटा मोजल्या, चिल्लर मोजली. मग ते पडद्याकडं न बघता, मोठ्यानं, आकडा बोलले.